विश्लेषण : कंपनीत बहुमत त्यांचं, मग २५ टक्के वाल्यांनी काय करायचं? कायद्यातलं कलम २४१ समजून घ्या

‘बहुमत त्यांचं आहे, आता आपण काय करणार?’ घरातल्या घरात सुरू झालेल्या कंपन्यांमध्ये एखादा भाऊ, बहीण किंवा वहिनी बाजूला पडली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. अहिल्यानगर जिल्ह्यात नागापूर आणि सुपा या एमआयडीसींमध्ये अशा प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची कमी नाही. वडिलांनी सुरू केलेला कारखाना, मुलांमध्ये वाटलेले शेअर आणि सगळे कागद एकाच कपाटात, असा अनेक ठिकाणचा कारभार असतो.

बहुमत असेल तर ते काहीही करू शकतात का? बहुतेक बाबतींत हो. पण काही बाबतींत नाही. ही सीमा नेमकी कुठे आहे, हे समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

तीन भावांची कंपनी

समजा, सुपा एमआयडीसीत तीन भावांची सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. एकूण शेअर १ लाख, प्रत्येकाची दर्शनी किंमत १० रुपये. दोन मोठ्या भावांकडे प्रत्येकी ३७ हजार ५००, तर धाकट्याकडे २५ हजार. म्हणजे धाकट्याचा हिस्सा २५ टक्के. कर्ज वजा जाता कंपनीची मालमत्ता २ कोटी रुपयांची आहे, असं धरू. म्हणजे एका शेअरची पुस्तकी किंमत २०० रुपये आणि धाकट्याच्या हिश्श्याची ५० लाख.

धाकटा भाऊ वारला. शेअर वारसाहक्काने त्याच्या पत्नीच्या नावावर झाले. वर्षभरात तिला तीन गोष्टी कळल्या. नवऱ्याच्या जागी तिला संचालक केलेलं नाही. लाभांश बंद झाला आहे. आणि दोन्ही दिरांनी संचालक मंडळाच्या बैठकीत दीड लाख नवे शेअर काढून, १० रुपयांच्याच भावाने, स्वतःच्या नावावर घेतले आहेत. तिला ना पत्र आलं ना फोन.

आता हिशेब बघा. कंपनीत नवे १५ लाख रुपये आले, त्यामुळे मालमत्ता झाली २ कोटी १५ लाख. शेअर मात्र झाले अडीच लाख. एका शेअरची किंमत २०० वरून ८६ रुपयांवर आली. वहिनींचे २५ हजार शेअर तेवढेच राहिले, पण हिस्सा २५ वरून १० टक्क्यांवर उतरला आणि त्याची किंमत ५० लाखांवरून साडेएकवीस लाखांवर. साडेअठ्ठावीस लाख रुपये कुणीही त्यांच्या खात्यातून काढले नाहीत, तरी गेले.

या तीन तक्रारींपैकी कायदा कोणती ऐकेल? अनेकांना सगळ्यात जास्त झोंबतात त्या पहिल्या दोन, म्हणजे संचालकपद आणि लाभांश. न्यायाधिकरणापुढे मात्र सगळ्यात वजनदार ठरते ती तिसरी.

बहुमताचा नियम आला कुठून?

याचं मूळ १८४३ च्या एका इंग्रजी खटल्यात आहे. मँचेस्टरजवळ व्हिक्टोरिया पार्क उभारणाऱ्या कंपनीतल्या फॉस आणि टर्टन या दोन भागधारकांनी संचालकांवर दावा लावला. संचालकांनी स्वतःचीच जमीन चढ्या भावाने कंपनीच्या गळ्यात मारली, हा त्यातला एक आरोप होता. ‘फॉस विरुद्ध हार्बोटल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या खटल्यात न्यायालयाने म्हटलं, नुकसान झालं असेल तर ते कंपनीचं. मग दावाही कंपनीनेच लावायला हवा. आणि जी गोष्ट सर्वसाधारण सभा बहुमताने मान्य करू शकते, तिच्यासाठी एकेका भागधारकाने कोर्टात येण्यात अर्थ नाही.

त्यामागचा विचार व्यवहारी होता. मतदानात हरलेला प्रत्येक जण कोर्टात जाऊ लागला तर कोणतीच कंपनी चालणार नाही. भारतातही हाच पाया आहे. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो. विशेष ठरावासाठी बाजूने पडलेली मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. आपल्या उदाहरणात दिरांकडे ७५ आणि वहिनींकडे २५, म्हणजे बरोबर तिप्पट. त्यामुळे विशेष ठरावही त्यांच्या खिशात. धाकट्याकडे सुरुवातीला एक शेअर जास्त आणि भावांकडे एक कमी असता, तर विशेष ठराव अडवता आला असता. शेअर वाटताना या एका शेअरकडे फारसं कुणी बघत नाही.

पण ज्यांच्या हातात बहुमत, त्यांनीच नुकसान केलं असेल तर ते स्वतःविरुद्ध दावा कशाला लावतील? या पेचावर उतारा म्हणून १९५६ च्या कंपनी कायद्यात ३९७ आणि ३९८ ही कलमं होती. २०१३ च्या कायद्यात त्यांची जागा कलम २४१ ते २४४ ने घेतली. आधी अशी प्रकरणं कंपनी लॉ बोर्डाकडे जात. जून २०१६ पासून ती राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातात. नगरमधल्या कंपनीसाठी मुंबई खंडपीठ. या विषयावर दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही.

टाटा-मिस्त्री : अल्पमतवाले का हरले?

या कलमांची देशातली सगळ्यात मोठी लढाई मुंबईतच झाली. टाटा सन्सच्या संचालक मंडळाने २४ ऑक्टोबर २०१६ रोजी सायरस मिस्त्री यांना कार्यकारी अध्यक्षपदावरून हटवलं. मिस्त्री कुटुंबाच्या दोन गुंतवणूक कंपन्यांकडे टाटा सन्सचे १८ टक्क्यांहून थोडे जास्त समभाग होते. त्यांनी ‘दडपशाही आणि गैरव्यवस्थापन’ झाल्याची याचिका एनसीएलटीकडे दाखल केली.

पहिली अडचण दारातच आली. याचिका करण्यासाठी कंपनीच्या एकूण भांडवलाचा किमान १० टक्के हिस्सा लागतो. १८ टक्के असताना अडचण कसली? गोम अशी की ‘एकूण भांडवल’ म्हटलं की प्रेफरन्स शेअरही धरले जातात. टाटा सन्सचे प्रेफरन्स शेअर मोजले तर मिस्त्री गटाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास येत होता. एनसीएलटीने मार्च २०१७ मध्ये याचिका चालू शकत नाही असं सांगितलं आणि एप्रिलमध्ये ही अट माफ करायलाही नकार दिला. अपील न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये सूट दिली, तेव्हा कुठे मूळ प्रश्नावर सुनावणी सुरू झाली.

पुढे निकाल दोनदा फिरला. जुलै २०१८ मध्ये एनसीएलटीने याचिका फेटाळली. १८ डिसेंबर २०१९ रोजी अपील न्यायाधिकरणाने मिस्त्रींना पुन्हा पदावर बसवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये त्याला स्थगिती दिली आणि २६ मार्च २०२१ रोजी तो पूर्ण रद्द केला.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले काही मुद्दे छोट्या कंपन्यांनाही तितकेच लागू पडतात. पदावरून काढणं, एवढ्यानेच दडपशाही होत नाही. कलम २४१ संचालकाची नोकरी वाचवण्यासाठी नाही. धंद्याचा एखादा निर्णय फसला, तोटा झाला, म्हणजे गैरव्यवस्थापन झालं असंही नाही. हिस्सा आहे म्हणून संचालक मंडळात त्या प्रमाणात जागा मिळालीच पाहिजे, असा हक्क कायदा देत नाही. हवा असेल तर तो कंपनीच्या नियमावलीत लिहून घ्यावा लागतो. आणि नियमावलीत एखादं कडक कलम नुसतं असणं पुरेसं नाही. टाटा सन्सच्या नियमावलीतल्या ७५ क्रमांकाच्या कलमानुसार भागधारकाला शेअर विकायला भाग पाडता येतं. पण ते मिस्त्री गटावर वापरलं गेलेलं नव्हतं, त्यामुळे ‘उद्या वापरतील’ या भीतीवर निकाल मिळाला नाही.

मिस्त्री गटाचा आणखी एक युक्तिवाद होता. दोन्ही घराण्यांचं नातं भागीदारीसारखं होतं, तेव्हा तो विश्वास मोडला हीच दडपशाही, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाला ते पटलं नाही. टाटा सन्सची स्थापना १९१७ ची. मिस्त्री गट त्यात आला १९६५ मध्ये. जी कंपनी एकत्र सुरूच केली नाही, ती भागीदारी कशी?

घरच्या कंपनीचं गणित वेगळं

इथेच वहिनींची बाजू टाटा-मिस्त्री प्रकरणापेक्षा वेगळी होते. भावाभावांनी किंवा दोस्तांनी एकमेकांच्या भरवशावर सुरू केलेली, सगळ्यांनी मिळून चालवलेली आणि ज्यातले शेअर बाहेर सहज विकता येत नाहीत अशी कंपनी न्यायालयं भागीदारीच्या जवळची मानतात. यावरचा गाजलेला खटला लंडनचा आहे. इब्राहिमी आणि नाझर हे गालिच्यांच्या धंद्यातले भागीदार. त्यांनी १९५८ मध्ये भागीदारीची कंपनी केली. नंतर नाझर यांचा मुलगा आत आला, बापलेकांचं बहुमत झालं आणि १९६९ मध्ये त्यांनी इब्राहिमींना संचालकपदावरून काढलं. सगळं नियमानुसार झालं होतं. तरीही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९७२ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. एकत्र काम करण्याच्या समजुतीवर उभी राहिलेली कंपनी त्या समजुतीशिवाय चालवणं न्याय्य नाही, असं त्यामागचं कारण.

त्यामुळे घरच्या कंपनीत संचालकपद नाकारल्याची तक्रार अगदीच निरुपयोगी नाही. पण केवळ नातं आहे म्हणून ती टिकत नाही. तीनही घरं कारभारात राहतील, असं मुळात ठरलं होतं हे दाखवावं लागतं. लाभांश न देणंही एकटं पुरेसं नाही, कारण नफा धंद्यात ठेवणं हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे. पण लाभांश शून्य आणि त्याच वर्षी दोन्ही दिरांचे पगार दुप्पट, असं चित्र असेल तर तोच मुद्दा वजनदार होतो.

नव्या शेअरचं मात्र तसं नाही. कंपनी भांडवल वाढवते तेव्हा नवे शेअर आधी सगळ्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. हे कलम ६२. काही निवडक लोकांनाच द्यायचे तर विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. सुपा इथल्या आपल्या कंपनीने यातलं काहीच केलं नाही.

आणि समजा, ते पत्र पाठवलं असतं तर? तरी प्रश्न संपत नाही. २०० रुपयांचा शेअर १० रुपयांना काढण्याची गरज काय होती? पैशाची खरंच निकड होती का? वहिनींकडे रोख रक्कम नाही हे माहीत असूनच हा मार्ग निवडला का? नीडल इंडस्ट्रीज प्रकरणात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की बेकायदा कृती प्रत्येक वेळी दडपशाही ठरत नाही आणि कायद्याच्या चौकटीतली कृतीही दडपशाही ठरू शकते. हेतू बघितला जातो. केरळमधल्या एका हॉटेल कंपनीच्या प्रकरणात व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःलाच शेअर देऊन कंपनीवर ताबा मिळवला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते वाटप टिकू दिलं नाही. संचालकांना शेअर काढण्याचा अधिकार कंपनीच्या भल्यासाठी आहे, स्वतःचं बहुमत करण्यासाठी नाही, हे त्यातलं सूत्र.

दारातली अट : डोकी मोजा

१० टक्क्यांच्या अटीची धास्ती अनेकांना असते. पण कलम २४४ नीट वाचलं तर दोन दारं दिसतात. एक भांडवलाचं, ज्यावर मिस्त्री गट अडला. दुसरं माणसांचं : १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यातली जी संख्या कमी असेल ती. आपल्या कंपनीत सभासद तीन. तिघांचा एक दशांश एकापेक्षाही कमी. म्हणजे वहिनी एकट्या याचिका करू शकतात, हिस्सा १० टक्के असो वा २. थोडक्यात, दहा किंवा त्याहून कमी सभासद असलेल्या कंपनीत ही अट कुणालाच अडवत नाही. फक्त शेअरचे पूर्ण पैसे भरलेले हवेत.

शेअर अजून नवऱ्याच्याच नावावर असतील, दिरांनी नोंद करायला टाळाटाळ चालवली असेल तर? १९८९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात स्पष्ट केलं की मृत सभासदाचे वारस नाव नोंदलं जाण्याआधीही अशी याचिका करू शकतात. नोंद नाकारली तर त्याविरुद्ध एनसीएलटीकडे वेगळं अपीलही आहे.

कपाट त्यांच्याकडे, पण कागद सरकारकडे

कंपनीची कागदपत्रं दिरांच्या ताब्यात असली तरी महत्त्वाचे फॉर्म कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरावेच लागतात आणि ठरावीक शुल्क भरून ते कुणालाही बघता येतात. नवे शेअर दिल्याची माहिती `PAS-3` मध्ये असते : कुणाला, किती, कोणत्या भावाने, कोणत्या तारखेला. संचालक बदलल्याचं `DIR-12` मध्ये, ताळेबंद `AOC-4` मध्ये, तर दरवर्षीची भागधारकांची स्थिती `MGT-7` मध्ये (छोट्या कंपनीला `MGT-7A`). लागोपाठच्या दोन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवले की हिस्सा कधी घटला हे कळतं. तारखाही बघाव्यात. बैठक झाल्याचा दिवस आणि फॉर्म भरल्याचा दिवस यात कित्येक महिन्यांचं अंतर असेल, तर कागद मागाहून तयार केल्याची शंका घ्यायला जागा असते.

सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मात्र साध्या सभासदाला मागून मिळत नाही. ते न्यायाधिकरणामार्फत मागवावं लागतं. सभेची नोटीस कधीच मिळाली नसेल तर तसं लेखी कळवून ठेवलेलं ई-मेल पुढे उपयोगी पडतं. गप्प बसून काढलेली वर्षं मात्र अंगाशी येतात. इथे मुदतीचा कायदा लागू होतो आणि ‘तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, मग आतापर्यंत का थांबलात?’ हा समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो.

हाती काय लागतं?

न्यायाधिकरणाला दोन गोष्टींची खात्री पटावी लागते. कारभार एखाद्या सभासदाला जाचक किंवा हानिकारक आहे, ही एक. दुसरी जरा चमत्कारिक वाटेल : कंपनी गुंडाळून टाकावी इतकी परिस्थिती बिघडली आहे, पण गुंडाळली तर तक्रारदाराचंच नुकसान होईल. दुसऱ्या अटीवर अनेक याचिका पडतात, कारण तक्रार खरी असली तरी ती तितकी गंभीर ठरत नाही.

खात्री पटली तर अधिकार मोठे आहेत. नवं वाटप रद्द करणं, संचालकांना हटवणं, हिशेबाची तपासणी लावणं, हे सगळं करता येतं. पण घरच्या कंपन्यांमध्ये वाद पुष्कळदा एकाच जागी येऊन थांबतो : एका बाजूने दुसऱ्या बाजूचे शेअर योग्य किमतीला विकत घ्यायचे. मग भांडण किमतीवर येतं. मूल्यांकन कोणत्या तारखेचं? वहिनींसाठी नव्या वाटपाच्या आधीची तारीख धरली तर ५० लाख, नंतरची धरली तर साडेएकवीस. म्हणूनच याचिकेत वाटप रद्द करण्याची मागणी आणि शेअर विकत घेण्याची मागणी एकत्र ठेवली जाते. शिवाय प्रकरण चालू असताना आणखी शेअर काढू नयेत, एमआयडीसीतला भूखंड किंवा यंत्रं विकू नयेत, असा अंतरिम आदेशही मागता येतो. अंतिम निकालापेक्षा हाच आदेश कित्येकदा दोन्ही बाजूंना चर्चेला बसवतो.

वेळेचं मात्र कुणी सांगू शकत नाही. एनसीएलटीच्या निकालावर ४५ दिवसांत अपील करता येतं आणि त्यानंतर कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय आहेच. टाटा-मिस्त्री प्रकरण याचिकेपासून अंतिम निकालापर्यंत चार वर्षांहून अधिक चाललं.

साखर कारखाना आणि शेतकरी कंपनीचं काय?

नगर जिल्ह्यात ‘शेअर’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो. इथे बेलापूर आणि टिळकनगरसारख्या खासगी साखर कंपन्याही होत्या आणि प्रवरानगरचा सहकारी कारखानाही इथलाच. पण सहकारी कारखाना ही कंपनी नाही. तिथे शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. कलम २४१ तिथे लागू नाही, एनसीएलटीशी संबंध नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चौकशीची मागणी निबंधकांकडे करावी लागते.

शेतकरी उत्पादक कंपनी मात्र मधल्या जागी आहे. नोंदणी कंपनी कायद्याखाली, पण व्यक्ती सभासद असतील तर मत सहकारासारखं, माणशी एक. त्यामुळे इथे कुणी ७५ टक्के शेअरच्या जोरावर दामटू शकत नाही. बहुमत खरोखर माणसांचंच लागतं. सभासद आणि कंपनी यांच्यातला कारभाराचा वाद आधी सलोखा किंवा लवाद या मार्गाने सोडवावा, अशी तरतूद या कंपन्यांसाठी स्वतंत्रपणे आहे. पैसे मिळाले नाहीत, माल घेतला नाही, अशा तक्रारी त्याच वाटेने जातात. संपूर्ण कारभारच जाचक झाल्याची तक्रार असेल तर प्रश्न कलम २४१ पर्यंत येतो आणि तिथे पुन्हा डोकी मोजावी लागतात : ८०० सभासदांच्या कंपनीत ८० जणांच्या सह्या, ३ हजारांच्या कंपनीत १००. सह्या गोळा करण्याआधी सभासद नोंदवहीत ती नावं खरोखर आहेत का, हे तपासून घ्यावं. पावती आहे पण नोंदवहीत नाव नाही, अशी सही मोजणीच्या वेळी वादात सापडते.